मॅनेजर एवढंच म्हणाले : रोस्ट कर

*ताई, मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात पर्चेसला आहे. आमचे स्टोअरचे अण्णा २१ वर्षांची नोकरी संपवून पुण्याला मुलीकडे राहायला चाललेत. शनिवारी सेंड-ऑफ आहे. मॅनेजरनी ग्रुपवर माझं नाव घालून लिहिलं, ‘तू अण्णांचं रोस्ट कर.’ म्हणजे भर कार्यक्रमात त्यांची थट्टा. बाकी काहीच नाही. किती वेळ, कसलं, काही सांगंनात. अण्णा कडक आहेत. सहीशिवाय एक नट देत नाहीत. आम्हांला ‘आधी सही’ आणि कन्नड माणसांना ‘मोदल सही माड्री’, हे त्यांचं ठरलेलं. त्यांची जुनी स्कूटर सगळ्यांना माहीत आहे. स्टॉक कॉम्प्युटरवर गेल्यापासून जरा गप्प झालेत. अर्धा स्टाफ कन्नड, अर्धा मराठी. अण्णांच्या घरचे पण येणार. लोकांना हसवायचं आहे, पण अण्णांना लागलं तर मला तोंड दाखवता यायचं नाही. काय करू?*
*— पर्चेसमधली, अनगोळ, बेळगाव*

लिहायला बसायच्या आधी दोघांशी बोल. पहिलं मॅनेजरांशी. ‘रोस्ट म्हणजे नक्की काय पाहिजे?’ असं त्यांना विचारलंस तर ‘काहीतरी मजेशीर’ एवढंच उत्तर येईल आणि तू होतीस तिथंच राहशील. त्यांनी सांगितलं नाही ते सगळं तूच ठरव आणि त्यांच्याकडून होकार घे. मेसेज असा टाक : ‘सर, मी चार मिनिटं बोलते. मराठीत, मधे थोडं कन्नड. अण्णांच्या कामाच्या सवयींवर बोलेन. घर, पगार, तब्येत, नोकरी सोडण्याचं कारण यातलं काही घेणार नाही. माझ्यानंतर लगेच अण्णा बोलतील, शाल-श्रीफळ त्याच्यानंतर. चालेल ना?’ वाचून ते ‘चालेल’ म्हणतील. त्या एका शब्दानं तुझी वेळ, भाषा, विषय आणि क्रम चारही गोष्टी ठरल्या. शिवाय ऐनवेळी कोणी मागून ‘अजून जोरात होऊ दे’ म्हणालं तर तुझ्याकडे दाखवायला मेसेज आहे.

क्रमाचा आग्रह धर. शाल घातली, वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, मालक चार शब्द बोलून बसले आणि मग तुझं नाव पुकारलं, तर कितीही चांगलं लिहिलेलं असू दे, कोणी हसणार नाही. गंभीर झालेल्या खोलीला परत हसवणं कसलेल्या माणसालाही जड जातं. उलट हसून मोकळी झालेली खोली शाल घालताना सहज गंभीर होते. म्हणून तुझी जागा सुरुवातीची. जेवणाच्या आधीची तर नक्कीच, कारण ताटं मांडायला लागली की लक्ष तिकडं जातं.

दुसरं बोलणं अण्णांशी, आणि हे टाळू नकोस. ‘सरप्राइज जाईल’ असं ऑफिसातलं कोणीतरी म्हणेल. जाऊ दे. न्यूयॉर्कमध्ये १९०४ साली निघालेल्या फ्रायर्स क्लबनं रोस्टचा हा प्रकार रूढ केला. तिथं ज्याची थट्टा करायची तो माणूस मंचावरच बसलेला असायचा, आपली थट्टा होणार हे त्याला आधीपासून ठाऊक असायचं, आणि सगळ्यांचं बोलून झालं की शेवटचं बोलणं त्याचं असायचं. ‘आम्ही ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांचंच रोस्ट करतो’ हे त्या क्लबचं ब्रीद. पुढे टीव्हीवर आणि मोबाइलवर जे आपण बघितलं ते धंदेवाईक विनोदवीरांचं, एकमेकांचे गडी असलेल्यांचं. तरी २०१४च्या डिसेंबरात मुंबईत झालेल्या अशा एका कार्यक्रमावरून पोलिसांत तक्रारी झाल्याच. तुमच्या मॅनेजरांच्या डोक्यात हे मोबाइलवरचं रोस्ट असेल. तू घ्यायच्या त्या मूळ प्रकारातल्या दोनच गोष्टी : माणसाची संमती आणि शेवटचा शब्द त्याचा.

अण्णांना स्टोअरच्या खिडकीवर गाठ आणि सरळ सांग, ‘अण्णा, शनिवारी मला तुमच्यावर बोलायला लावलंय. सहीचं आणि स्कूटरचं बोलू काय? आणि कशावर बोललेलं तुम्हांला आवडणार नाही?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येताना त्यांच्या तोंडाकडे बघ. ‘बोल गं काय पण’ असं हसत म्हणाले तर परवानगी मिळाली. ‘बोल काय पण’ म्हणून लगेच रजिस्टर उघडलं तर समज, काहीतरी आहे आणि ते सांगायचं नाही त्यांना. मग हात आखडता घे, दोनच विनोद ठेव आणि कौतुक जास्त कर. बहुतेक वेळा मात्र माणूस स्वतःच दोन किस्से काढून देतो, आणि त्याच्या तोंडून आलेला किस्सा सगळ्यात बिनधोक.

आता माल गोळा करायचा. शॉपफ्लोअरवर जाऊन ‘अण्णांचा एखादा विनोदी किस्सा सांगा’ असं विचारलंस तर सगळे डोकं खाजवतील. प्रश्न बारीक पाहिजे. अण्णांनी तुम्हांला कधी परत पाठवलं? काय मागायला गेला होता? त्यांनी नेमके कुठले शब्द वापरले? खिशात काय असतं, टेबलाच्या खणात काय असतं, चहा कुठल्या कपातनं पितात? असं विचारलं की माणसं हातवारे करून सांगायला लागतात. चौघांना विचार, दोन मराठी दोन कन्नड. एकच गोष्ट तिघांनी आपापल्या परीनं सांगितली तर तीच भाषणात जाणार, कारण ती ऐकताना अख्ख्या हॉलला ‘हे मला पण झालंय’ असं वाटेल. एकट्यालाच माहीत असलेला किस्सा कितीही भारी असला तरी सोडून दे. तो समजावून सांगण्यातच अर्धा मिनिट जातो.

निवडताना एक कसोटी लाव. ज्या सवयीचा त्या माणसाला मनातून अभिमान आहे, तिच्यावर हसायचं. अण्णांना सहीचा अभिमान आहे. एकवीस वर्षं स्टोअर सांभाळलं आणि हिशेब चुकला नाही, तो त्या सहीमुळं. त्यामुळं सहीवर कितीही ताणून बोललीस तरी ते कौतुकच होतं. त्यांना ज्याची लाज वाटते किंवा ज्यानं मनाला टोचलंय, त्याच्याजवळ जायचं नाही.

म्हणूनच तुझ्या पत्रातलं कॉम्प्युटरचं वाक्य मी दोनदा वाचलं. ‘अण्णांना माऊस दिला तर त्यावर पण सही मागतील’ असला विनोद पहिल्यांदा सुचतो आणि सगळ्यांना सुचतो. पण जो माणूस एकवीस वर्षं रजिस्टर बघत आला, ज्याला रॅकमधला कुठला बोल्ट कुठं आहे हे डोळे मिटून सांगता येत होतं, त्याच्यासमोर एक दिवस स्क्रीन आला आणि ते गप्प झाले. नोकरी सोडण्याचं खरं कारण कदाचित तेच असेल. निरोपाच्या दिवशी त्यावर हॉल हसला तर तो आवाज अण्णा पुण्याला घेऊन जातील. हा विषय घ्यायचाच असेल तर उलटा घे. कॉम्प्युटर चुकला आणि अण्णा बरोबर निघाले, असं कधी झालंय काय, ते तुझ्या लोकांना विचार. असं झालेलं असतंच. मग हसं कॉम्प्युटरचं होईल आणि अण्णांची मान वर राहील.

भाषेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हे आपल्या भागातच सांगावं लागतं. अण्णा पुण्याला चाललेत म्हटल्यावर कोणीतरी तुला सुचवणारच, ‘टाक की, अण्णा शेवटी महाराष्ट्रात गेले!’ मराठी बाजूची टेबलं टाळ्या वाजवतील. कन्नड बाजूची टेबलं ताटाकडे बघतील. सीमाप्रश्नाची ती जखम १९५६ पासूनची आहे, आपल्याकडे १ नोव्हेंबर दोन घरांत दोन तऱ्हेनं येतो, आणि ज्यांनी अण्णांबरोबर एकवीस वर्षं डबा खाल्ला त्यांना त्या संध्याकाळी एकाएकी पलीकडच्या बाजूला बसवल्यासारखं होईल. अण्णांचं नाव मागं पडेल. वर कोणाच्या तरी मोबाइलमध्ये ते दहा सेकंद जातील आणि रात्री स्टेटसला लागतील. तिथं ना अण्णा असणार, ना तुझा स्वर, नुसतं वाक्य असणार. कन्नड सहकाऱ्यांचं मराठी कसं मोडकं, मराठी माणसांचं कन्नड कसं कच्चं, याची नक्कल पण नको. एकमेकांत रोज चालते ती, मला माहीत आहे, पण माईकवर मालकांसमोर आणि बायकापोरांसमोर तिचा रंग बदलतो.

कन्नड मात्र असू दे. ‘मोदल सही माड्री’ हे अण्णांचं स्वतःचं वाक्य आहे आणि ते हॉलमधल्या प्रत्येकानं खिडकीवर ऐकलंय. ते तू म्हटलंस की दोन्ही बाजू एकाच क्षणी हसतील. अर्धा-अर्धा हॉल असला की शाब्दिक कोट्या सोडाव्या लागतात. मराठी कोटी कन्नड माणसाला शेजाऱ्यानं कानात समजावून सांगेपर्यंत तू पुढच्या वाक्यावर गेलेली असतेस. प्रसंग, वस्तू आणि त्या माणसाचं ठरलेलं वाक्य, हे तीन्ही दोन्ही भाषांत चालतं. म्हणून तुझं सगळं भाषण या तिघांवर उभं कर. कन्नड शब्द एखाद्या कन्नड मैत्रिणीकडून घोटून घे, आणि पूर्ण भाषण शुक्रवारी तिलाच म्हणून दाखव. ती कुठं हसली नाही तिथं खूण कर.

अजून एक गोष्ट तुझ्या जागेमुळं येते. तू त्यांच्यापेक्षा वयानं लहान, हुद्द्यानं वेगळ्या खात्यातली. मोठ्या माणसाची थट्टा धाकट्यानं करायची तर प्रत्येक प्रसंगात फजिती धाकट्याची व्हायला पाहिजे. अण्णांनी तुला परत पाठवलं, तू हात हलवत आलीस, अण्णा जिंकले. तू वर उभी राहून त्यांच्याकडे बोट दाखवलंस तर ते लोकांना बोचेल. तू हरलेली दिसलीस तर हॉल तुझ्याबरोबर हसेल आणि अण्णा पण. ‘अहो अण्णा’ हेच संबोधन शेवटपर्यंत ठेव. माईक हातात आला म्हणून एकेरीवर येऊ नकोस.

विनोद बांधताना आपल्या भाषेची एक अडचण ध्यानात ठेव. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि हसवणारा शब्द त्याच्या आधी मधेच अडकतो. ‘अण्णांनी मालकांच्या हातात सही करायला पेन ठेवलं’ या वाक्यात गंमत ‘पेन’ मध्ये आहे, पण त्याच्या मागं ‘ठेवलं’ आलं आणि हसू दबलं. लोक ‘पेन’वर हसायला जातात तोवर तू अजून बोलतेच आहेस. तेच असं कर : ‘मालकांनी मागितले हातमोजे. अण्णांनी हातावर ठेवलं काय? पेन.’ आणि गप्प राहा. ज्या शब्दावर हसू यायचंय तो वाक्याच्या टोकाला ने, क्रियापद आधी टाक किंवा खाऊन टाक. लिहून झालं की प्रत्येक विनोदाचा शेवटचा शब्द तांबड्या पेनानं गोल कर. तिथं ‘होतं’, ‘म्हणाले’, ‘आहे’ दिसलं की वाक्य परत लिही. एवढ्या एका दुरुस्तीनं निम्मं भाषण सुधारतं.

चार मिनिटं म्हणजे किती? बेतानं बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. हसण्याची आणि थांबण्याची जागा धरली की साडेतीनशे शब्द पुरे. कागदावर ते फार थोडे दिसतील. वाढवू नकोस.

खाली एक नमुना देते. यातले प्रसंग मी तुझ्या पत्रावरून रचलेत. त्यांच्या जागी तुझ्या लोकांनी सांगितलेले खरे घाल. रोस्टमध्ये मूळ गोष्ट खरी असावी लागते, ताणायचं फक्त टोक. अण्णांच्या बाबतीत न घडलेलं काही सांगितलंस तर हॉलमधल्या जुन्या माणसांना लगेच कळतं.

‘नमस्कार. नमस्कार री. मी पर्चेसची. अण्णांच्या खिडकीत उभं राहून ज्यांचे पाय दुखले, त्यांच्यात माझा नंबर वरचा. म्हणून मला बोलायला लावलंय.

‘मी नवीन होते. पहिल्याच आठवड्यात खिडकीवर गेले. म्हटलं, अण्णा, एक पेन द्या की. अण्णांनी इंडेंटचा फॉर्म पुढं केला. म्हणाले, भर. म्हटलं, भरते अण्णा, पण भरायला पेन? अण्णा म्हणाले, त्याला वेगळा इंडेंट.

‘अण्णांनी एकवीस वर्षं दोन वाक्यांवर काढली. मराठी माणूस खिडकीवर आला की... (थांब, हॉल म्हणेल ‘आधी सही’) आणि कन्नड माणूस आला की... (हॉल म्हणेल ‘मोदल सही माड्री’). बघा, ट्रेनिंगला पैसे लागले नाहीत.

‘आम्हांला वाटायचं, हे आपल्यालाच. एक दिवस मालक स्वतः खिडकीवर आले. आम्ही सगळे मशिनं सोडून बघायला लागलो. मालकांनी मागितले हातमोजे. अण्णांनी हातावर ठेवलं काय? पेन. तीन वर्षं झाली, मला अजून मिळालं नाही ते!

‘अण्णांची स्कूटर. तिसऱ्या रेल्वे गेटजवळ किक मारली की इथं आमचा वॉचमन गेट उघडतो. मी विचारलं, अण्णा, हिला भंगारात का देत नाही? अण्णा म्हणाले, देतो की. कागद तयार आहे. त्यावर राहिली आहे फक्त... (हॉल म्हणेल ‘सही’).

‘आता एक खरं सांगते. स्टॉक मोजायचा होता. कॉम्प्युटर म्हणाला, बेअरिंग ११२. अण्णांनी रॅककडे बघितलं आणि म्हणाले, १०९. आम्ही मोजले. १०९. परत मोजले, कारण कॉम्प्युटर महागाचा होता. १०९. अण्णा, सोमवारपासून तो चुकला तर त्याला सांगणार कोण?

‘माझ्या एका ऑर्डरमध्ये आकडा चुकला होता. अण्णांनी संध्याकाळी मला खिडकीवर बोलावलं. ओरडले नाहीत. कागद फिरवून माझ्याकडे केला आणि म्हणाले, ‘परत एकदा वाच. मग सही कर.’ मी वाचलं, चूक सापडली, ऑर्डर जायच्या आधी दुरुस्त झाली. अण्णांनी कोणाला सांगितलं नाही. आज मीच सांगतेय.

‘अण्णा, आता माईक तुमचा. पण असा नाही मिळायचा.’

इथं खिशातून तुमच्याच स्टोअरची इश्यू स्लिप काढ. त्यावर आधी भरून ठेव : माईक, नग १, कोणाला दिला : अण्णा. ती त्यांच्यासमोर धर आणि पेन दे. तू काही बोलू नकोस. हॉलच ओरडेल ‘मोदल सही माड्री’. अण्णा सही करतील, तू माईक देशील आणि जागेवर जाऊन बसशील. स्लिप जपून ठेव. कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांच्या सह्या त्याच्या मागं घेऊन ती अण्णांना घरी न्यायला दे.

या नमुन्यात मी पेन तीनदा आणलंय ते बघितलंस ना. पहिल्यांदा तुला मिळालं नाही, दुसऱ्यांदा मालकांना मिळालं, आणि शेवटी तू अण्णांना देतेस. एकच वस्तू पुन्हा पुन्हा आली की लोकांना ती ओळखीची होते आणि नवा विनोद समजावून सांगावा लागत नाही. सहीचंही तेच. पंधरा वेगवेगळे विनोद गोळा करण्यापेक्षा दोन वस्तू शेवटपर्यंत चालवणं सोपं आणि जास्त हसवणारं. स्कूटरचा विनोद एकदाच आलाय, म्हणून वेळ कमी पडला तर तो काढ. कॉम्प्युटरचा आणि शेवटच्या मदतीचा मात्र काढू नकोस. त्या दोघांमुळं आधीची सगळी थट्टा लोकांना आपुलकीची वाटते.

ती मदतीची गोष्ट निवडताना एवढं बघ, की मालकांनी ऐकल्यावर कोणाची नोकरी अडचणीत यायला नको. एखाद्या दिवशी अण्णांनी नियम मोडून तुला वस्तू दिली, हा किस्सा कितीही गोड असला तरी तो तिथं सांगायचा नाही. एकवीस वर्षांत त्यांनी जे जपलं तेच तू मोडल्यासारखं होईल. आणि हा भाग लांबवू नकोस. चार वाक्यं. गळा दाटून आला तर थांब, पाणी पी, पण ‘तुम्ही आम्हांला वडिलांसारखे’ वगैरेवर जाऊ नकोस. ते मालक बोलतीलच.

प्रत्यक्ष बोलताना नजर अण्णांवर ठेव. नवखी माणसं हसू आलं की मालकांकडे किंवा आपल्या मैत्रिणींच्या टेबलाकडे बघतात, आणि मग अण्णांच्या पाठीमागं त्यांच्यावर हसल्यासारखं दिसतं. पहिला विनोद पेनचा आहे, तो मुद्दाम सौम्य ठेवलाय. तो झाला की अण्णांचे खांदे बघ. खांदे हलले, मागं रेलले, बाजूच्या माणसाला काहीतरी सांगायला वळले, तर पुढं जा. ओठ हसतायत पण हात मांडीवर घट्ट आहेत, किंवा ते हसायच्या आधी वहिनींकडे बघतायत, तर मालकांचा प्रसंग गाळून थेट बेअरिंगवर जा. म्हणून कागदावर मालकांचा आणि स्कूटरचा परिच्छेद चौकटीत टाक, म्हणजे ऐनवेळी गाळायला डोळ्यांना सापडेल. मालकांचा प्रसंग खरा असला तर त्यांनाही आधी कानावर घाल. बहुतेक मालकांना असलं ऐकायला आवडतं, पण हॉलमधले लोक हसायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे बघतात, आणि ते हसले नाहीत तर कोणीच हसत नाही.

कोणी हसलंच नाही तर? एखाद्या वाक्यावर होईल तसं. ‘कळलं नाही काय?’ म्हणून परत सांगू नकोस, माफी मागू नकोस, पुढचं वाक्य घे. आणि हसू आलं की ते खाली येईपर्यंत थांब. भीतीनं माणूस हसण्यावरच पुढचं बोलायला लागतो आणि त्या गोंगाटात पुढचा विनोद वाया जातो. स्वतः मात्र विनोदाच्या आधी हसू नकोस. अण्णा खिडकीवर ज्या तोंडानं ‘सही’ म्हणतात, त्याच तोंडानं तू ते म्हण.

मोबाइलचं एक राहिलं. शूटिंग होणारच. सुरुवातीला सूत्रसंचालन करणाऱ्याला सांगायला लाव, की व्हिडिओ अण्णांच्या घरी आणि ऑफिसच्या ग्रुपवर जाईल, स्टेटसला नको. सगळे ऐकतील असं नाही. म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्य एकटं काढून वाच आणि विचार कर, हे एवढंच अण्णांच्या जावयानं पुण्यात बघितलं तर कसं वाटेल? न आवडणारं एखादं सापडलं तर ते काढ.

आज मॅनेजरांना मेसेज टाक, उद्या जेवणाच्या सुट्टीत अण्णांच्या खिडकीवर जा, आणि जाताना स्टोअरमधून इश्यू स्लिपचं एक पान मागून घे. सही करावी लागेल.